पंचवीस लिटरचा डबा आणि अडीच हजार लिटरची मुभा

मे महिना संपत आला की कोकणातल्या दुकानांमधून जनरेटर बाहेर निघतात. धूळ झटकली जाते, दोरी ओढून पाहिली जाते आणि मग कोणीतरी पंपावर जाऊन कॅन भरून आणतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तेव्हापासून पेट्रोल साठवायची सवय आणखीच वाढली आहे. गरज खरी आहे, त्यामुळे साठवूच नका हा सल्ला निरुपयोगी. किती साठवायचं, कशात आणि कुठे, एवढंच बोलू या.

आधी कायदा, कारण त्यात दिलेले आकडे नीट वाचले की अर्धे प्रश्न सुटतात. पेट्रोलियम अधिनियम 1934 चा. त्यात तेलांचे वर्ग केलेत ते फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे कोणत्या तापमानाला तेलातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते त्यावरून. हे तापमान 23 अंशांच्या खाली असेल तर तेल अ वर्गात, आणि पेट्रोल तिथे बसतं. 23 ते 65 अंशांच्या मधलं तेल ब वर्गात, म्हणजे डिझेल आणि रॉकेल. विकायचं नसेल तर अ वर्गाचं तेल परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंत बाळगता येतं. भांडं काच, चिनी माती किंवा धातूचं हवं, घट्ट बुचाचं हवं. काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपेक्षा मोठं नको. या यादीत प्लॅस्टिक कुठेच नाही, हे लक्षात घ्या. बाजारात पाच लिटरचा रंगीत प्लॅस्टिकचा कॅन सहज मिळतो, म्हणून तो पेट्रोलसाठी चालतो असं नाही.

इंजिन चालवण्यासाठी म्हणून थोडी जास्तीची मुभा आहे. गाडीच्या किंवा जनरेटरच्या टाकीतलं तेल वेगळं धरलं जातं आणि त्याशिवाय त्या इंजिनासाठी 90 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं. अट अशी की साठा 30 लिटरच्या वर गेला तर तो वेगळ्या, एकट्या जागी असावा. माणसं राहतात, काम करतात किंवा जमतात अशा खोलीला ती जागा जोडलेली नसावी. चाळीतल्या गाळ्यात किंवा बाजारपेठेतल्या दुकानात अशी जागा क्वचितच असते, तेव्हा बहुतेकांनी 30 हीच आपली मर्यादा समजावी. आणि मुभा स्वतःच्या वापरासाठी आहे. घरून बाटलीत भरून पेट्रोल विकणं हा वेगळा गुन्हा आहे, मग ते गावात पंप नाही म्हणून सोय म्हणून का असेना.

डिझेल आणि रॉकेल यांना मात्र कायदा खूपच मोकळं सोडतो. ब वर्गाचं तेल एका जागी 2500 लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, फक्त एकही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नको. त्यापुढे गेलात की नागपूरला मुख्य कार्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेचे नियम लागू होतात. पण हा आकडा वाचून कोणी घरामागे दहा बॅरल लावू नयेत. कायद्यानं परवाना कुठपर्यंत मागायचा नाही, तेवढंच तो आकडा सांगतो. तेवढं तेल घराशेजारी सुरक्षित असतं असं तो म्हणत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समुद्राकाठच्या गावातलं औषधांचं दुकान. फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, ते थंड राहायलाच हवं. दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे आणि फ्रीज, दोन दिवे, एक पंखा इतक्या हलक्या भारावर तो ताशी साधारण पाऊण लिटर पितो. फ्रीज सतत चालवायची गरज नाही. दार उघडलं नाही तर तो काही तास थंडी धरतो, म्हणून दिवसभरात ठरावीक वेळानं मिळून सहा तास जनरेटर चालवला तरी भागतं. पण दार खरंच बंद राहतंय ना, हे पाहायला फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवावा. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. तर रोजचं साडेचार लिटर. चार दिवसांचा अंदाज धरला तर अठरा लिटर. वादळानंतर रस्ता उघडायला आणि पंप सुरू व्हायला इतका वेळ लागू शकतो, त्याहून लांब वीज गेली तर नव्यानं पेट्रोल आणता येईल असं गृहीत धरलं.

यासाठी काय घ्यायचं? वीस लिटरचा एक मोठा डबा घेण्यापेक्षा दहा लिटरचे पत्र्याचे दोन घ्यावेत, स्क्रूच्या झाकणाचे आणि झाकणात वायसर असलेले. भरलेला वीस लिटरचा डबा हातात धरून जनरेटरच्या टाकीत ओतणं अवघड जातं, हात हलतो आणि तेल गरम इंजिनावर सांडतं. दहाचा सहज धरता येतो. दोन डबे असले की एक उघडलेला आणि दुसरा बंद राहतो, त्यामुळे सगळ्या साठ्याला वारंवार हवा लागत नाही.

प्रत्येक डब्यात नऊ लिटरच भरावं. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. पहाटे 20 अंशांना काठोकाठ भरलेला वीस लिटरचा डबा दुपारी 45 अंशांच्या शेडमध्ये गेला, तर आतल्या तेलाला आणखी अर्धा लिटर जागा लागते. ती नसेल तर डबा फुगतो, शिवण उसवते किंवा झाकणातून तेल पाझरतं. दहा लिटरच्या डब्यात लिटरभर मोकळी जागा सोडली की ही कटकट संपते. रिकाम्या जागेत वाफ साचते हे खरं, पण बंद डब्यातली ती वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला पुरेशी हवा मिळत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच पेट घेते, त्याहून दाट झाली तर नाही. झाकण उघडल्यावर डब्याच्या तोंडाशी ती बरोबर या टप्प्यात येते. म्हणून सर्वांत सावध राहायचं ते तेल भरताना आणि ओतताना.

पंपावर डबा गाडीच्या डिकीत किंवा स्कूटरच्या पायाजवळ ठेवून भरू नये. खाली जमिनीवर ठेवावा, नोझल डब्याच्या धातूला टेकवून ठेवावं आणि हळू भरू द्यावं. वाहत्या तेलानं स्थिर वीज साठते. डबा जमिनीवर असेल तर ती उतरून जाते, रबरी मॅटवर किंवा प्लॅस्टिकच्या आवरणावर असेल तर उतरत नाही. प्लॅस्टिकचा कॅन इथेच नापास होतो, कारण तो वीज वाहून नेत नाही. अनेक पंपांवर सुटं पेट्रोल द्यायला नकार मिळतो आणि काही ठिकाणी प्रशासनाचे आदेशही तसे असतात. कर्मचाऱ्याशी भांडू नका, त्याच्याकडून काही विशेष नियम पाळले जात असतील तर ते विचारून घ्या.

डबे दुकानात कुठे ठेवायचे हा सर्वांत अवघड प्रश्न. गल्ल्यामागे, जिन्याखाली, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, या तिन्ही जागा लोकांना आवडतात आणि तिन्ही वाईट आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाते आणि खोलगट जागेत साचते. फ्रीजचा रिले सुरू-बंद होताना ठिणगी पडते आणि तो तळाशीच असतो. जिना तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाट. त्यामुळे आमच्या दुकानदाराने मागच्या अंगणात भिंतीला लागून नव्हे तर चार पावलं दूर एक छोटी पत्र्याची पेटी बसवावी. जाळीच्या खिडक्या तळाला आणि वर अशा दोन्हीकडे हव्यात, म्हणजे वाफ खालून निघून जाईल. दार कुलुपाचं असावं, फरशीला थोडा काठ करून त्यात वाळू पसरावी. पेटी आंब्याच्या सावलीत असेल तर उत्तमच. आत दिवा, बोर्ड, मोबाइलचा चार्जर असलं काही नको. पूर येणाऱ्या गावात पेटी उंचावर बांधावी, डबे पट्ट्यानं बांधावेत. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला पाणी दुकानांच्या छपराशी गेलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, तेव्हा सुटे डबे तरंगून कुठेही जातात आणि तेलाचा तवंग पुराच्या पाण्यावर पसरतो.

जनरेटर चालू असताना डबा त्याच्या शेजारी ठेवायची खोड अनेकांना असते. टाकी संपली की लगेच ओतता यावं म्हणून. हे सोडा. जनरेटर बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि मगच नरसाळ्यानं भरा. फ्रीज तेवढ्या वेळात काही गरम होत नाही.

आता डिझेलकडे आणि रॉकेलकडे वळू, कारण त्यांच्याबद्दलचा गैरसमज मला पेट्रोलपेक्षाही जास्त धोकादायक वाटतो. डिझेलवर काडी टाकली तर विझते, हे कोणीतरी करून दाखवलेलं असतं आणि त्यावरून ते सुरक्षित तेल ठरतं. काडी विझते ती तेल थंड असेपर्यंत. आपल्याकडच्या रॉकेल-डिझेलचा किमान फ्लॅश पॉइंट 35 अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. चंद्रपूर किंवा अकोल्याला मे महिन्यात सावलीत 45 असतं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा दुपारी बॅरलमधल्या डिझेलला पेटवायला पेट्रोलइतकीच ठिणगी पुरते. विदर्भातल्या शेतकऱ्यानं एप्रिल-मेमध्ये डिझेलला पेट्रोलचे नियम लावावेत, हे मी आग्रहानं सांगतो.

शेतावर ट्रॅक्टर असेल तर दोनशे लिटरचं एक बॅरल पुरे. नांगरणीला तासाला चार-सहा लिटर जातं असं धरलं, तर रोज सहा-सात तास काम करून आठवडाभर चालतं. त्याहून जास्त साठवलेलं डिझेल नुसतं पडून जुनं होतं. बॅरल लोखंडी असावं, आतून झिंकचा थर दिलेलं नसावं. झिंक आणि तांबं डिझेलशी रासायनिक क्रिया करतात आणि चिकट मळ तयार होतो. टाकीचा नळ पितळेचा असेल तर तोही बदलून घ्यावा.

बॅरल उघड्यावर उभं ठेवायची पद्धत सर्रास दिसते आणि त्यात एक गंमत घडते. वरच्या झाकणाला कडा असते, पावसाचं पाणी तिथे साचतं आणि बुच नेमकं त्या पाण्यात बुडतं. दिवसा बॅरल तापून आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. रात्री थंड झालं की बॅरल श्वास आत घेतं, आणि बुचाचा वायसर जरा जरी सैल असला तरी हवेऐवजी पाणी आत ओढलं जातं. पाऊस थांबल्यावर ट्रॅक्टरचा फिल्टर का चोंदतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. बॅरल छपराखाली ठेवावं, लाकडी फळ्यांवर. उघड्यावर ठेवावंच लागलं तर आडवं करून दोन्ही बुचं एकाच पातळीत, डावी-उजवीकडे येतील असं ठेवावं, म्हणजे आतलं तेल त्यांच्यावर असतं आणि पाणी आत ओढायला वाव राहत नाही. अर्धं बॅरल रिकामं झाल्यावर मात्र ही युक्ती चालत नाही.

पाणी शिरलं आहे का हे पाहणं सोपं. बॅरल दिवसभर न हलवता ठेवा, मग लांब नळी तळापर्यंत घालून हातपंपानं थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या. तासाभरानं पाणी तळाला वेगळं दिसतं. तेल आणि पाणी यांच्या मध्ये तपकिरी-काळपट बुळबुळीत थर असेल तर तिथे जिवाणू वाढले आहेत. वास आंबूस येतो. असं तेल इंजिनात घालू नये, आधी तळाचं काढून टाकावं आणि ते वेगळ्या डब्यात ठेवावं, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. रोजचं तेल काढताना हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवली की गाळ आणि पाणी येत नाही. तोंडानं नळी ओढून तेल काढू नका, याचं कारण पुढे येतंच.

पेट्रोलचीही जुनं होण्याची स्वतःची तऱ्हा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि तो जास्त झाला की पाणी-इथेनॉलचा थर तळाला जाऊन बसतो. जनरेटर टाकीतून पेट्रोल ओढतो ते तळातूनच, त्यामुळे आधी तोच थर कार्ब्युरेटरमध्ये जातो आणि जनरेटर सुरू होत नाही. त्यातही डबा अर्धा रिकामा असेल आणि झाकण सैल असेल तर लवकर होतं. तिखट, व्हार्निशसारखा वास आणि काळवंडलेला रंग ही जुन्या पेट्रोलची ओळख. आमच्या दुकानदाराने डब्यावर भरल्याची तारीख खडूनं लिहावी आणि दोन-तीन महिन्यांनी ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालून डबे नव्यानं भरावेत. वादळ आलंच नाही तरी पेट्रोल वाया जात नाही. गाडीत घालायचं तर ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून घालावं.

रॉकेल हल्ली घरात कमी उरलं आहे, पण साफसफाईला, वंगण काढायला, कंदिलाला अजून लिटर-दोन लिटर असतंच. त्याच्या बाबतीत दोन अपघात पुन्हा पुन्हा होतात. पहिला, पेट्रोलचा रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल भरणं. तळाशी उरलेल्या पावभर पेट्रोलनेही रॉकेलचा फ्लॅश पॉइंट झपाट्यानं उतरतो, आणि तेच रॉकेल कंदिलात किंवा स्टोव्हमध्ये गेलं तर भडका उडतो. रॉकेलला पेट्रोलचा जराही वास आला तर ते जाळायला वापरू नका. डबे वेगळे, रंग वेगळे, वर मोठ्या अक्षरात नाव. रेशनचं रॉकेल निळं रंगवलेलं असतं, पण रंगावर विसंबून डबा ओळखायचा प्रयत्न करू नका.

दुसरा अपघात रॉकेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवल्यानं होतो. ओट्याखाली बाटली दिसते, चार वर्षांचं पोर ती तोंडाला लावतं. रॉकेल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेलं तर जास्त घातक असतं. पातळ असल्यामुळे घोट गिळताना किंवा उलटी होताना ते श्वासनलिकेत सहज उतरतं आणि न्यूमोनियासारखी अवस्था होते. म्हणून मुलाला उलटी करायला लावायची नाही, मिठाचं पाणी किंवा दूध पाजायचं नाही, बोट घशात घालायचं नाही. कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढून अंग साबणानं धुवावं आणि लगेच दवाखान्यात न्यावं. 108 ला फोन करावा. मूल ठणठणीत दिसलं तरी न्यावं, कारण खोकला आणि धाप काही तासांनी दिसू लागतात. बाटली बरोबर घ्यावी, म्हणजे डॉक्टरांना काय गेलं ते कळेल. तोंडानं डिझेलची नळी ओढणाऱ्याला होतो तो त्रासही हाच.

तेल सांडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, मग वाळू टाका. स्विच लावू नका, बंदही करू नका, जिथे आहे तिथे राहू द्या. पेटलं तर पाणी मारू नका, तेल पाण्यावर तरंगून आग पुढे नेतं. पेटीजवळ दोन बादल्या कोरडी वाळू आणि कोरड्या पावडरचं एक अग्निशामक ठेवावं, पण ते पेटीत नव्हे, तिथपर्यंत जायच्या वाटेवर. पेटलेल्या पेटीतून ते काढायला कोण जाणार? आग हाताबाहेर गेली तर 101 ला फोन करून लोकांना लांब न्या, डबे वाचवायला आत जाऊ नका.

राहिली रिकामी बॅरलं. पाण्याचं पिंप किंवा शेकोटीची जाळी बनवायला ती वेल्डरकडे जातात आणि तिथे स्फोट होतात. डबा रिकामा दिसतो, पण शिवणींत आणि गंजाच्या थराखाली तेल अडकलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की त्याची वाफ होते आणि आत हवा असतेच, म्हणजे मघाशी सांगितलेला दीड ते साडेसात टक्क्यांचा टप्पा सहज गाठला जातो. डिझेलच्या बॅरललाही हे लागू आहे, कारण ज्योतीच्या उष्णतेपुढे 35 अंश म्हणजे काहीच नाही. बॅरल पाण्यानं खळखळून धुतलं तरी भरवसा नाही, वाफेनं कित्येक तास धुऊन तपासणं हे घरगुती काम नाही. पिंप हवं असेल तर ज्यात कधी तेल नव्हतं असं बॅरल विकत घ्यावं. तेलाचं जुनं बॅरल भंगारवाल्याला देताना त्यालाही सांगावं की यात डिझेल होतं.